‘अडविण्यात आला’

माझ्या सीनियरांची लाल शाईची बाटली अख्ख्या कोर्टात प्रसिद्ध होती. ज्युनियरनं मसुदा ठेवला की ते एक अक्षर न बोलता तो खाडाखोडीनं लालभडक करून टाकायचे आणि म्हणायचे, “टाइप करून आण.” आम्ही आणायचो. असं करत त्यांची लिहिण्याची धाटणी आम्हाला अगदी हुबेहूब जमली. पण एखादं वाक्य त्यांनी का काढलं, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझं स्वतःचं ऑफिस झालं तेव्हा मी ठरवलं, मसुद्यावर शिसपेन्सिलच चालवायची, आणि तीही समासात, प्रश्न लिहायला. जिभेवर मात्र असला काही निर्बंध घातला नाही. ती माझ्या आईवर गेलीय.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला माझ्याकडं एक मुलगी ज्युनियर म्हणून आली. कागल तालुक्यातली. घरातली पहिली वकील, किंबहुना त्यांच्या बौद्ध वस्तीतलीच पहिली. फार बोलायची नाही, पण एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. एक दिवस कागद पुढं करून ती म्हणाली, “मॅडम, हा माझ्या अण्णांचा अर्ज आहे. जरा दुरुस्त करून द्याल का?”

अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांच्या शेताला जाणारी पाणंद, म्हणजे गाडीवाट, बंद झाली होती. दिवाळी झाल्यावर कारखाना सुरू होणार, तोडणीची टोळी येणार आणि वाटच नाही म्हटल्यावर ऊस रानातच वाळणार. अशा अडथळ्यासाठी तहसीलदारांकडं दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आणि तो कोणी, केव्हा, कसा केला हे अर्जात आलं पाहिजे.

मी मसुदा वाचला. पाच पानं. पहिलं दीड पान आजोबांना जमीन कशी मिळाली त्याचा इतिहास. मग उसाची जात. पाणंद उगवली ती तिसऱ्या पानावर, एका भल्यामोठ्या कलमात, आणि तिथं लिहिलं होतं: ‘अलीकडच्या काळात सदर रस्ता अडविण्यात आला असून त्यामुळे अर्जदाराची गैरसोय होत आहे.’

“गट नंबर, चतुःसीमा चोख आहेत,” मी म्हणाले. खरंच होत्या. बरोबर तिनं हातानं काढलेला नकाशा होता, तो तर तलाठ्यानं शिकावा असा. “हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तू केलंस. का केलंस?”

“साहेबांना जागा दिसायला पाहिजे ना, मॅडम.”

“बरोबर. मग आता सांग, ह्या अर्जावरून साहेबांना भांडण कितव्या पानावर दिसतं?”

तिनं पानं उलटली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “तिसऱ्या.”

“तोवर साहेबांचा चहा येऊन गेला असेल. पहिल्यांदा काय दिसायला पाहिजे?”

तिनं बोटांवर मोजत सांगितलं: अर्जदार कोण, शेत कुठलं, वाट कुठली आणि किती वर्षांची, ती कशी बंद झाली, आम्हाला काय पाहिजे. आजोबा त्यातून आपोआप गळले. मला काही सांगावंच लागलं नाही.

मग मी ते भलंमोठं कलम घेतलं. “समोरच्या वकिलाच्या खुर्चीत बस. आता ह्याला उत्तर दे.” ती खरंच उठून अशिलाच्या खुर्चीत जाऊन बसली. क्षणभर वाचलं आणि म्हणाली, “कलम तीनमधील सर्व मजकूर खोटा असून नाकबूल आहे.” आणि हसली. पाच गोष्टी एकाच कलमात कोंबल्या की त्या एकाच ओळीत उडवता येतात, हे तिला तिच्याच तोंडून कळलं. एका कलमात एकच गोष्ट लिहिली की समोरच्याला प्रत्येकीवर बोलावं लागतं, आणि बोलताना माणूस कुठंतरी सापडतो.

इथवर सगळं झकास चाललं होतं. मी पेन्सिल दिली. “आता प्रत्येक वाक्यातल्या कर्त्याखाली रेघ ओढ.”

ती ओढत गेली. ‘अर्जदार कसतात.’ ‘अर्जदारांचे वडील कसत होते.’ आणि ‘अडविण्यात आला’पाशी पेन्सिल थांबली.

“रस्ता काय आपणहून अडला? की भुतानं अडवला?”

मी दुसरीकडून सुरुवात केली.

“केव्हा अडवला ते तरी माहीत आहे?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी,” ती लगेच म्हणाली. “चर मारला आणि बाभळीच्या फांद्या टाकल्या. मी स्वतः बघितलंय.”

“मग ‘अलीकडच्या काळात’ कशाला? आणि चर मारला कोणी?”

तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. मला राग आला होता, तो तिथंच उतरला. ही चूक व्याकरणाची नव्हती, सवयीचीही नव्हती. चर मारणारा गावच्या माजी सरपंचाचा थोरला मुलगा होता. अण्णांनी उमेदीत त्या घरच्या रानात राबणूक केली होती. विहीर त्यांची, चक्की त्यांची, सोसायटीत शब्द त्यांचा. तिनं अर्जात माणूस लपवला नव्हता, भीती लपवली होती. तिथं लाल शाईनं नाव घुसडणं मला दोन सेकंदांचं काम होतं. पण मग ते नाव मी लिहिलेलं असतं, आणि गावात परत जायचं होतं तिला.

(मीही इथं ते नाव लिहीत नाही, ती गोष्ट वेगळी. आठवणींना तहसीलदार नसतो.)

“हे बघ,” मी म्हणाले, “तू नाव न लिहिता अर्ज दिलास तर साहेब नोटीस कुणाला काढणार? अर्ज पहिल्याच दिवशी परत येईल. नाव लिहायचं की नाही हे तू आणि अण्णा ठरवा. पण न लिहिण्याला चांगली भाषा समजू नकोस.” समासात मी एकच शब्द लिहिला, ‘कोणी?’ आणि कागद परत दिला.

दोन दिवसांनी तिनं नवा मसुदा आणला. दोन पानं. चौथ्या कलमात नाव, वडिलांचं नाव आणि आडनावासकट, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, आणि ‘चर मारला’. मी एक अनुस्वार सोडून कशालाही हात लावला नाही. हेवा वाटला मला तिचा. तिच्या वयात माझं एकही वाक्य माझं नव्हतं.

पुढं साहेबांनी जागा पाहिली, चर बुजला, ऊस वेळेत गेला. पण त्याआधी अण्णांची सही व्हायची होती, आणि मला धाकधूक होती ती त्या सहीचीच.

अण्णा आले. टोपी मांडीवर ठेवून बसले. मुलीनं अर्ज वाचून दाखवला. चौथं कलम आलं तसे ते माझ्याकडं वळले. “मॅडम, नावाबिगर भागत न्हाय व्हय? गावात ऱ्हायाचं हाय आमास्नी.”

मी तोंड उघडलं होतं, पण ती आधी बोलली. समजूत घातली नाही, कायदा सांगितला नाही. “अण्णा, चर कुणी मारला?”

अण्णांनी एकदा दाराकडं पाहिलं. मग बारीक आवाजात त्यांनी नाव घेतलं.

“कवा?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. सकाळच्या पारी.”

“मग ह्यात खोटं काय लिवलंय सांगा. खोडून टाकते.”

अण्णांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली. “खोटं काय बी न्हाय,” ते म्हणाले, ह्या वेळी नीट ऐकू येईल असं. मग माझ्याकडं न बघता त्यांनी पोरीकडं हात पुढं केला. “आणा पेन. कुठं करायची सही, वकीलसाहेब?”