भिंतीवरचं इंजिन

नाशकातल्या एका आयटीआयमध्ये मी डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. बाई असून इंजिन शिकवता, असं कुणी कौतुकानं म्हणालं की माझं डोकं फिरतं. पण आज सांगायची गोष्ट माझ्या कौतुकाची नाही.

आमच्या वर्कशॉपच्या एका भिंतीवर इंजिनाचा उभा छेद रंगवलेला होता. मीच रंगवला होता. सिलेंडर मधोमध कापला तर आत काय दिसेल ते चार चित्रांत. पहिल्यात पिस्टन खाली चाललाय, इनलेट व्हॉल्व्ह उघडा, हवा आत येतेय. दुसऱ्यात पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, हवा दाबली जातेय. तिसऱ्यात दोन्ही बंदच, दाबून तापलेल्या हवेत डिझेल पेटलंय आणि पिस्टनला खाली ढकलतंय. चौथ्यात पिस्टन परत वर, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा, धूर बाहेर. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मला ओरडून सांगावं लागायचं, "अरे, हे चार सिलेंडर नाहीत. एकच आहे, चार वेळा काढलाय."

चित्रांच्या खाली एक गोलही होता. पिस्टनला जोडलेला क्रँक फिरताना कोणता व्हॉल्व्ह कुठे उघडतो आणि कुठे मिटतो, त्याचा. माझ्या गोलात सगळं कसं नीटनेटकं. पिस्टन अगदी वर पोचला की इनलेट उघडणार, अगदी खाली गेला की मिटणार. हे झालं नुसतं समजण्यापुरतं. खऱ्या इंजिनात असं नसतं, आणि म्हणून पुस्तकात अशा आकृतीवर 'तात्त्विक' असं लिहिलेलं असतं. तो एक शब्द मी भिंतीवर लिहिला नाही. जागा उरली नव्हती आणि कोपऱ्यात कोंबला असता तर वाईट दिसला असता. प्राचार्यांनी भिंतीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला होता. मग राहूनच गेलं. तोंडी सांगतेच की, असं मी स्वतःला समजावलं.

त्या वर्षी वर्गात एक बाई होती. दिंडोरीकडची, तिशीला आलेली, एका मुलीची आई. माहेरी द्राक्षाच्या बागेत ट्रॅक्टर चालवायला शिकलेली आणि सासरी आल्यावर फक्त मजुरांच्या टोळीत जाणारी. दिंडोरीतल्या एका ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यानं तिला सांगितलं होतं, सर्टिफिकेट आण, सर्व्हिसिंगला घेतो. सासरच्यांनी कबूल केलं होतं एक वर्ष. "एकच वर्ष म्हणालेत मॅडम," ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "नापास झाले तर परत बागंत." हे ती रडून नाही, नाव-गाव सांगावं तसं सांगून मोकळी झाली.

आमच्याकडे एक कापलेलं इंजिन आहे. सिलेंडरचा एक तुकडा कापून काढलेला, त्यामुळे हँडल फिरवलं की पिस्टन वर-खाली जाताना आणि व्हॉल्व्ह उघडताना दिसतात. बाकीची मंडळी त्यावर दोन फेऱ्या मारून मोबाइल काढायची. ही तासभर त्याच्यापाशी. एक दिवस तिनं मला बोलावलं. हँडल अगदी सावकाश फिरवत तिनं पिस्टन जवळजवळ वर आणला आणि थांबली.

"मॅडम, हे बघा. धूर बाहेर टाकायचं काम अजून संपलं नाय, एक्झॉस्ट उघडाच हाय, आन् इनलेट पण उघडायला लागलाय. दोन्ही एकदम उघडे. भिंतीवर तर असं नाय. भिंत खोटी हाय का इंजिन?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. तिला समजावलं की व्हॉल्व्ह म्हणजे काही दिव्याचं बटण नाही. कॅम त्याला हळूहळू उचलतो. पिस्टन वर पोचल्यावर उचलायला सुरुवात केली तर पूर्ण उघडेपर्यंत पिस्टन अर्धा खाली गेलेला असेल, हवा कमी येईल. म्हणून तो आधीच उघडायला लागतो. एक्झॉस्टही थोडा उशिरा मिटतो, म्हणजे उरलासुरला धूर निघून जातो. सिटी बसमध्ये एका दारानं लोक उतरताहेत तोवर दुसऱ्या दारानं चढायला लागतात, तसं. याला ओव्हरलॅप म्हणतात.

"आन् खाली?" तिनं विचारलं. पिस्टन खालून वर निघाला तरी इनलेट थोडा वेळ उघडाच राहतो, हेही तिनं आधीच पाहून ठेवलं होतं. "मग हवा परत बाहेर नाय जायची?"

"जोरात आत येत असते ना, ती अशी एकदम थांबत नाही. येतच राहते थोडा वेळ. तेवढी जास्तीची मिळते."

ती हसली. वहीत तिनं नवीन गोल काढला. पिस्टन वर पोचायच्या आधी इनलेट उघडतो आणि पिस्टन खाली जाऊन गेल्यावर मिटतो. पिस्टन खाली पोचायच्या आधी एक्झॉस्ट उघडतो आणि पिस्टन वर जाऊन गेल्यावर मिटतो. माझ्या भिंतीपेक्षा तो गोल चांगला होता. मी तिला म्हटलं, "परीक्षेत हाच काढ."

प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतात. आमच्यात रीत अशी की आदल्या दिवशी वर्कशॉपमधले सगळे तक्ते उतरवायचे आणि भिंतीवर जे रंगवलेलं असेल त्यावर वर्तमानपत्रं चिकटवायची, कुणी बघून काढू नये म्हणून. मी स्वतः शिडीवर चढून चिकटपट्टीनं अख्खं इंजिन झाकलं. परीक्षा चालू असताना आम्ही शिकवणाऱ्यांनी परीक्षार्थींशी एक शब्द बोलायचा नाही, हाही नियम.

त्या खेपेला जे परीक्षक आले ते मूळचे वेल्डिंगचे. माणसं कमी होती, म्हणून पाठवलेले. माणूस वाईट नव्हता. तिच्या कागदापाशी थांबले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि सरळ भिंतीपाशी जाऊन वर्तमानपत्राचं एक टोक उचलून आत डोकावले. परत येऊन तिला म्हणाले, "बाई, दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे कसे दाखवलेत? इनलेट इथं, अगदी वर उघडायला पाहिजे."

"नाय सर. आधीच उघडतो. इंजिनावर दाखवू का?"

"इंजिन राहू द्या." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, ती भिंत कुणी रंगवलीय?"

"मी."

"बरोबर आहे ना?"

प्राचार्य दारात उभे होते. ती माझ्याकडे बघत होती, अगदी निवांत, कारण मी काय म्हणणार हे तिला ठाऊकच होतं. मला म्हणायचं होतं की दोन्ही बरोबर आहेत, भिंत समजण्यापुरती आणि तिचा गोल खरा. पण म्हणजे मग भिंतीवर तसं का लिहिलं नाही, इतकी वर्षं काय शिकवत होता, हे आलंच. मी प्राचार्यांकडे पाहिलं.

"हो सर," मी म्हटलं. "आम्ही असंच शिकवतो."

तिनं नजर कागदाकडे वळवली.

अर्ध्या तासानं चहाच्या वेळी मला धीर आला. परीक्षकांना जवळजवळ हात धरूनच कापलेल्या इंजिनापाशी नेलं, हँडल फिरवून दाखवलं. ते बघत राहिले. खरंच ओशाळले. "अहो मॅडम, मघाशीच बोलायचं ना. मी मार्क भरले, पाकीट सील झालं." मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, सील फोडता येत नाही. वरच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. ती थोडक्यासाठी नापास झाली.

निकाल घ्यायला ती आली तेव्हा मी माफी मागायची म्हणून शब्द जुळवून ठेवले होते. तिनंच मला धीर दिला. म्हणाली, शोरूमवाला पुरवणी परीक्षेपर्यंत थांबतो म्हणालाय आणि सासूबाईंनाही कसंबसं पटवलंय. पण वर्गाला येता येणार नाही, द्राक्षाची गोडी छाटणी तोंडावर आलीय. "फक्त परीक्षेला येईन मॅडम."

ती गेल्यावर मी रंग आणला. दोन रविवार खपून गोल पुसून पुन्हा काढला, खरा. चौथ्या चित्रात पिस्टन वर पोचता पोचता दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे केले. तिच्या वहीतल्यासारखंच. तिला कळवायला फोन केला तर सासूनं उचलला. "ती बागंत गेलीय. काय सांगू?" व्हॉल्व्हचं त्या माउलीला काय सांगणार होते मी? म्हटलं, "काही नाही, अभ्यास कर म्हणावं." वाटलं, परीक्षेच्या आधी भेटेलच की पाच मिनिटं.

परीक्षेच्या दिवशी दिंडोरीची बस उशिरा आली. ती धापा टाकत आली ती सरळ टेबलाशी. बोटांना छाटणीचे ओरखडे. भिंतीवर माझी वर्तमानपत्रं चिकटलेली. बोलायची सोय नव्हती.

या वेळचे परीक्षक इंजिनवाले होते, पिकल्या केसांचे. तिचा कागद त्यांनी हातात घेतला आणि लांबून मला दिसलं. चार सरळ चित्रं, नेमका गोल. इनलेट अगदी वर उघडलेला.

त्यांनी मायेनं विचारलं, "हे पुस्तकातलं झालं. प्रत्यक्षात कसं असतं, बाळ? व्हॉल्व्ह नेमका इथंच उघडतो का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही, नाही अशी, पण तेवढ्यात परीक्षक माझ्याकडे वळले आणि माझी मान जागच्या जागी थांबली.

"हो सर," ती म्हणाली. "बरोबर वर."

"नक्की? दोन्ही कधी एकदम उघडे नसतात?"

"नाय सर. आम्हाला असंच शिकवलंय."

त्यांनी कागद खाली ठेवला. जाताना मला हळूच म्हणाले, ओव्हरलॅप माहीत नसलेल्याच्या हातात ट्रॅक्टर कसा द्यायचा, मॅडम? मी सगळं सांगायला लागले. पहिली परीक्षा, वेल्डिंगचे सर, सगळं. माझ्याच कानाला ते विद्यार्थिनीला वाचवायला रचल्यासारखं वाटत होतं. ते शांतपणे म्हणाले, "मी दोनदा विचारलं तिला. तुमच्यासमोर विचारलं."

सगळे गेल्यावर ती वर्तमानपत्रं काढायला माझ्या मदतीला आली. नको म्हटलं तरी ऐकेना. चौथ्या चित्रावरचा कागद तिच्याच हातानं निघाला. ती थांबली. नवा रंग चकचकत होता. बराच वेळ तिनं ते दोन उघडे व्हॉल्व्ह पाहिले, मग खालचा गोल पाहिला.

"हे तर मी सांगितलं होतं ना, मॅडम," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिनं कागदांची नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि शेवटची बस चुकेल म्हणून निघून गेली.