हाताकडं बघा, हाताकडं

लग्नाचे फोटो काढण्यात माझी सगळी हयात भालकी तालुक्यात गेली. या धंद्यात नवरीला एकच सांगायचं असतं, कॅमेऱ्यात बघू नको. मग ती बघणार कुठं? माझ्या हाताकडं. एका हातानं बटण दाबायचं, दुसरा हात बाजूला उंच धरायचा. नवरी तिकडं बघते आणि फोटो असा येतो, जणू तिला दूर कुठंतरी सुख दिसायलंय. स्वतःच्या लग्नात नवरदेव असूनही मी फोटोग्राफरला हात कुठं धरायचा ते सांगत होतो. बायकोला ते अजून आठवतं.

बायको भालकीची असली तरी शिकवायला रोज बीदरला जायची. खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची, तेही हंगामी. बसमध्ये उभं राहून तिचे गुडघे कामातून गेलेत. यंदा एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी तिच्याकडं धड्याचा व्हिडिओ मागितला. पसंत पडला, तर घरी बसून शिकवायचं, बसची दगदग सुटली.

"घरात फोटोग्राफर असताना तुला काय काळजी?" मी म्हटलं.

"तीच काळजी हाय," ती म्हणाली.

धडा लिहून ती तयार होती. मी एका फोनमध्ये मजकूर आपोआप वर सरकवणारं ॲप घेतलं. कॅमेरा स्टँडवर लावला आणि फोन कुठं लावावा, याचा क्षणभरही विचार केला नाही. जिथं माझा हात असतो, तिथं. कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला, थोडा वर. व्हिडिओ पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं: शिकवा, वाचून दाखवू नका. आणखी एकदाच पाठवता येईल.

आम्ही व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. प्रकाशाचं परावर्तन समजावताना माझी बायको कुणा तिसऱ्याशीच बोलत होती.

"ह्या बाईला कुणीतरी दारातून खुणा करायलंय," ती म्हणाली. "नवरी केलाव तुमी मला."

मग मी फोन कॅमेऱ्याच्या लेन्सला अगदी चिकटवून लावला, सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून. मात्र फोन आडवा धरला. जागा मोठी, मजकूर जास्त मावतो, असं माझं गणित. करून बघितलं, तर तिचे डोळे डावीकडून उजवीकडं, पुन्हा डावीकडं.

"अहो, मी शिकवायलेय, का भिंतीवरची मुंगी बघायलेय?"

फोन उभा केला. ॲपमध्ये दोन्ही बाजूंचा समास वाढवला, ओळीत तीन-चारच शब्द उरले. वाचायची ओळ बरोबर लेन्सच्या उंचीला आणली. तरी नजर किंचित हुकत होती. मग तिची खुर्ची मागं नेली, पार कपाटापर्यंत, आणि कॅमेरा झूम केला. माणूस लांब बसला, की लेन्स आणि मजकूर यांतलं अंतर बघणाऱ्याला जाणवत नाही. अक्षरं मोठी केली, वेग तिच्या बोलण्याइतका कमी केला. आता ती सरळ माझ्याकडं बघून बोलल्यासारखी वाटली. मला जरा भीतीच वाटली.

"व्हय, आता जमलं," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

धडा सुंदर चालला होता. आरसा आला, किरण आला, आपतन कोन आला. तिचा चेहरा थोडा गंभीर वाटला, म्हणून हसायची आठवण करून द्यावी, असं मला वाटलं आणि माझा हात वर गेला. डोक्यानं पाठवला नव्हता, आपला आपणच गेला.

तिचे डोळे लेन्सवरून उडाले आणि थेट हातावर जाऊन बसले.

"हात कामून वर करायलाव?"

"तू कामून बघायलीस?"

"एवढी वर्षं माझे फोटो असेच काढलाव, सवय हाय मला!"

"मलाबी हाय की!"

पुढच्या वेळी हात खिशात घातले. किरण वळला, तसा कोपर वर गेला. ती कोपराकडं बघून शिकवू लागली. तेव्हा तिनं उठून मला दाराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. कॅमेरा सुरू करायला, ॲप चालू करायला तिला कुणी लागत नव्हतं. फोटोग्राफर फक्त अडचण होता.

मी पायरीवर बसून बंद दाराआड परावर्तनाचे नियम ऐकले. समोरचे अण्णा सायकल थांबवून म्हणाले, "काय ओ, घरातून काढलं का?"

"शूटिंग चालू हाय."

"मग तुमी भायेर?"

"म्हणून तर चालू हाय."

व्हिडिओ गेला आणि पसंत पडला. आता तिची बसची दगदग सुटली आहे. क्लासवाल्यांनी कळवलं होतं, तुमची नजर फार छान राहते, बाकीच्या शिक्षकांनाही ही पद्धत सांगाल का? तिनं सगळं सविस्तर लिहून पाठवलं: फोन उभा, लेन्सला चिकटून, ओळ अरुंद, खुर्ची लांब. मी मागून वाचत होतो. शेवटी एक सूचना होती: खोलीत नवरा नसावा.

ती खोड म्हणून मी हात वर केला. तिनं बघितलं नाही.