तूप त्याचं, गूळ माझा

मंगरूळपीरच्या रस्त्यावर आम्ही दोघे मित्र सकाळी फिरायला निघालो, ते अकोल्याहून आणलेले रक्ताचे रिपोर्ट खिशात घालूनच. त्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं, माझं ट्रायग्लिसराइड.

“म्या तर तेल सोडलं,” तो चिडला. “घरच्या म्हशीचं तूपच खातो!”

“अबे, तेलात कोलेस्टेरॉल नसतेच. तुपात असते, म्हैस कोनाचीबी असो.”

“मंग तुह्यं काहून बिघडलं? तू तर तुपाले शिवत नाहीस.”

“मी गुळासंगच पोळी खातो.”

त्यानं माझा रिपोर्ट ओढून डॉक्टरांचा शेरा वाचला : गोड बंद. “मास्तर असून वाचलं नाहीस?”

दुसऱ्या दिवशी त्याची तुपाची बरणी माझ्याकडे आली, माझी गुळाची ढेप त्याच्याकडे गेली. आपापलं पथ्य दोघांनीही कडक पाळलं.