दोनच तुकडे पडतात

पेपर काढायचं पत्र आलं की ते गुपित ठेवायचं असतं. स्टाफरूममध्ये सांगायचं नाही, घरात सांगायचं नाही, आणि ज्या पोरांना तोच विषय शिकवतो त्यांच्यासमोर तर चेहऱ्यावर काही दिसूच द्यायचं नाही. मी इथं कोल्हापुरात एम.एस्सी.ला अल्जिब्रा शिकवते. आवाज मोठा, तोंड फटकळ, पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती. तरी त्या वर्षी गुपित ठेवलं बाई कसंबसं. आणि नेमकं त्याच कामात माती खाल्ली.

आमच्यात पेपर काढायची एक रीत आहे. कुणी कबूल करत नाही, पण सगळे तसंच करतात. जुने पेपर पुढ्यात घ्यायचे, एखादा चांगला दहा मार्कांचा प्रश्न उचलायचा आणि त्यातलं एखादं अक्षर बदलायचं, म्हणजे 'मागच्याचाच प्रश्न टाकला' असं कुणी म्हणायला नको. मी तीन घटकांच्या चक्रीय ग्रुपचा प्रश्न उचलला. त्याचा ग्रुप अल्जिब्रा फील्डमध्ये फोडून दाखवा, असा. जुन्या प्रश्नात संमिश्र संख्यांचा सी होता. मी तिथं परिमेय संख्यांचा क्यू केला. सोबत मॉडेल आन्सर द्यायचं असतं, ते जुनंच होतं. ते तसंच जोडलं, पाकीट सील केलं, सही केली आणि चहा प्यायले.

काय चुकलं ते सांगते, घाबरू नका. पंख्याला तीन पाती असतात. एक पातं पुढं सरकवायचं, ह्याला जी म्हणा. दोनदा सरकवलं की जीचा वर्ग, तीनदा सरकवलं की होतं तिथंच, म्हणजे एक. आता ह्या तीन हालचालींना संख्यांनी गुणून बेरजा करायच्या. त्या सगळ्या बेरजा म्हणजे ग्रुप अल्जिब्रा. त्यात काही बेरजा अशा असतात की स्वतःला स्वतःनं गुणलं तरी त्या तशाच राहतात. त्यांना आम्ही आयडेम्पोटंट म्हणतो, आणि अल्जिब्राचे तुकडे पडतात ते त्यांच्यामुळं. पहिला सोपा: एक अधिक जी अधिक जीचा वर्ग, भागिले तीन. संमिश्र संख्या हाताशी असल्या की आणखी दोन मिळतात, पण त्यांत ओमेगा लागतो, एकाचं संमिश्र घनमूळ. म्हणजे एकूण तीन आयडेम्पोटंट, तीन तुकडे, प्रत्येक तुकडा सीच. परिमेय संख्यांत मात्र ओमेगाच नाही! मग ते दुसरे दोन सुटे होत नाहीत. दोघांची बेरीज तेवढी उरते: दोन वजा जी वजा जीचा वर्ग, भागिले तीन. तिच्यात ओमेगा दिसत नाही, म्हणून ती परिमेयात बसते, पण पुढं फुटत नाही. म्हणून क्यूवर तुकडे दोनच. एक क्यू, आणि दुसरा क्यूला ओमेगा जोडून होणारं फील्ड. आणि माझ्या मॉडेल आन्सरात लिहिलेलं होतं तीन.

माझ्या वर्गात हुपरीची एक मुलगी होती. घरात सगळे चांदीच्या पैंजणांचं काम करतात. ही सकाळी तासभर कड्या जोडून मग एसटीनं यायची, बोटांच्या टोकांना काळं लागलेलं असायचं. बाकी सगळे विषय सुटले होते, अल्जिब्रा एकदा राहिला होता. गावाजवळच्या ज्युनियर कॉलेजात तिला तासिकेवर घेणार होते, अट एकच: जूनच्या आत एम.एस्सी. पूर्ण पाहिजे. पेपर झाल्यावर ती धावत स्टाफरूममध्ये आली. आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. म्हणाली, "मॅडम, आलता की तो तीन आयडेम्पोटंटचा! मी तिन्ही लिवून आलो. तुम्ही घोकून घेतलेलं जसंच्या तसं."

"शाब्बास गं," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात क्यू आला नाही. वर्गात मी दरवर्षी सीच घेते, तीनच सांगते, आणि तीच सवय पाकिटात गेली होती.

मे महिन्यात पेपर तपासणी लागली. मोठा हॉल, टेबलांवर गठ्ठे, नंबरावर स्टिकर चिकटवलेले, पंखे गरम वारा फेकणारे. परीक्षक लाल पेननं तपासत होते आणि मी मॉडरेटर म्हणून हिरवं पेन घेऊन त्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा बघत होते, विशेष करून थोडक्यात नापास होणाऱ्या. ऐंशीपैकी बत्तीसला पास. दुसऱ्या दिवशी दुपारी एक उत्तरपत्रिका हातात आली, एकूण सव्वीस. दहाच्या प्रश्नाला दोन मार्क, बाजूला लाल शेरा: अपूर्ण, दोनच लिहिले.

मी वाचायला लागले. अक्षर गिचमिड, पण पोरानं पहिला आयडेम्पोटंट लिहिला होता, मग एकातून तो वजा करून दुसरा काढला होता. आणि खाली लिहिलं होतं की एक्सवर्ग अधिक एक्स अधिक एक ह्याला परिमेय मूळ नाही, म्हणून हा तुकडा पुढं फुटत नाही. मी म्हटलं, अरे गाढवा, ओमेगा घे की! आणि प्रश्न बघायला पेपर उलटला.

क्यू.

माझ्याच हातानं केलेला क्यू. मी हॉलमध्ये इकडंतिकडं बघितलं. सहा परीक्षक माझ्या मॉडेल आन्सरावर बोट ठेवून तपासत होते. कुणाला काही वाटलं नव्हतं; गठ्ठा संपवायची घाई असते, किल्ली, म्हणजे मॉडेल आन्सर, जे म्हणते ते खरं. म्हणजे बरोबर लिहिणाऱ्याला दोन आणि चूक लिहिणाऱ्याला दहा. आणि चूक लिहिणाऱ्यांत कोण होतं ते मला ठाऊक होतं.

त्या दुपारी मी चार वेळा पाणी प्यायला उठले. गप्प बसले तर काय होईल? हा पोरगा नापास होईल, त्याचं नाव मला कळणारही नाही. तोंड उघडलं तर माझी अब्रू जाईल, ते एक वेळ चालेल. पण हुपरीच्या पोरीचे आठ मार्क जातील. ती काठावर होती, मला माहीत होतं. मीच शिकवायचं, मीच चुकीचं विचारायचं आणि मीच तिचे मार्क काढून घ्यायचे! स्वतःचाच असा राग आला की हातातलं हिरवं पेन मोडावंसं वाटलं.

परीक्षा मंडळाचे चेअरमन सर एका कोपऱ्यात बसले होते. शिरोळकडचे, घरची उसाची शेती, कधी आवाज न चढवणारे. मी ती उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "सर, मी शेण खाल्लंय."

त्यांनी चष्मा वर केला, सावकाश वाचलं, मग पेपर वाचला, मग माझं मॉडेल आन्सर. "आसं झालं व्हय," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "बसा की बाई. पडाल."

मी बसले आणि लगेच भांडायला लागले. "सर, दोघांनाही मार्क देऊ या. चूक माझी आहे, पोरांची नाही. ज्यांनी तीन लिहिले त्यांचे ठेवू या, ह्याला दहा देऊ या. कुणाचं नुकसान नको."

"पेपरात काय छापलंय?"

"क्यू."

"ओमेगा परिमेय हाय?"

"न्हाय."

"मग मार्क कशाचे द्यायचे?" ते माझ्याकडं बघत राहिले. "बाई, तुमच्या वर्गातलं कोण हाय काय त्यात?"

मी खोटं बोलू शकले असते. माझं तोंड कधी नव्हे ते बंद झालं, आणि त्यांना उत्तर मिळालं.

मी नवीन किल्ली लिहिली: पहिल्याला दोन, दुसऱ्याला तीन, तो का फुटत नाही ह्याला तीन, शेवटच्या मांडणीला दोन. पहिला कागद फाडून टाकावा लागला. सर उभे राहिले आणि हॉलमध्ये सांगितलं की प्रश्न चारची किल्ली बदललीय, सगळे गठ्ठे परत उघडायचे. कुणीतरी म्हणालं, "कुणी काढलं हे येडं?" मी हात वर केला. मग नुसती पानं उलटल्याचा आवाज.

गिचमिड अक्षराच्या पोराचे दोन खोडून मी दहा केले. चौतीस. शेजारी सही केली. एवढं एक काम हलक्या हातानं झालं.

तिसऱ्या दिवशी ती उत्तरपत्रिका आली. स्टिकर असला तरी मी दोन वर्षं ते अक्षर बघितलं होतं. जीची शेपटी ती कडीसारखी गोल वळवून बंद करायची. तीन आयडेम्पोटंट, ओमेगासकट, एकही चिन्ह चुकलेलं नाही, माझ्या फळ्यावरून उचलून ठेवल्यासारखे. लाल शाईत दहा, एकूण छत्तीस. मी ती उचलून चेअरमन सरांकडं नेली. "ही तुम्ही तपासा."

"वळकली?"

"व्हय."

"द्या इकडं." त्यांनी दहा खोडून दोन केले. अठ्ठावीस. ग्रेस मार्कांतही बसत नव्हती. मी नियम तीनदा वाचून बघितला.

निकाल लागला तेव्हा मी तिला फोन करायची हिंमत केली नाही. तीच आली, दोन दिवसांनी, कॉलेजात. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. आता गुपित ठेवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पेपर माझा, चूक माझी, शिकवणंही माझंच अर्धवट. वहीवर दोन्ही आयडेम्पोटंट लिहून दाखवले, दुसरा का फुटत नाही तेही सांगितलं. ती ऐकत होती. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे आदी मी पास झालतो?"

"झालतीस."

"किती हुते?"

"छत्तीस."

ती वहीकडं बघत बसली. मी म्हणाले, "शिव्या दे मला. खरंच दे." तिनं मान हलवली.

"मॅडम, ज्यानं दोनच लिवले हुते, त्याला किती मिळाले?"

"दहा. पास झाला."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि ओढणी तोंडावर धरून रडायला लागली.