सात म्हणजे सात

सिस्टरच्या छातीवर एक घड्याळ उलटं लटकलेलं असतं. बघणाऱ्याला उलटं, तिला सुलटं. गेली एकवीस वर्षं ती त्या घड्याळावर लोकांच्या नाड्या मोजते आहे, आणि शेजारपाजारच्यांची पक्की खात्री आहे की ती मनातल्या मनात आपल्या गप्पाही मोजते. जिन्यात उभं राहून कुणी जास्त वेळ बोललं, की तिची नजर आपसूक खाली छातीकडे वळते. समोरच्यानं काय ते समजून घ्यावं.

तर या बाईनं वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी परदेशातल्या एका हॉस्पिटलात नोकरी धरायचं मनावर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात?" सिस्टर म्हणाली, "मग काय तुमच्या वयात जाऊ?" विषय संपला. हॉस्पिटलानं तिला पसंतही केलं. फक्त एक मेख होती : तिथली भाषा बी-टू पातळीपर्यंत, म्हणजे कामकाज चालवण्याइतकी यायला हवी. सिस्टर बी-वनला, म्हणजे एक पायरी खाली होती, तीसुद्धा दीड वर्षापूर्वी काठावर पास झालेली.

हॉस्पिटलाच्या पत्रात दोन तारखा होत्या. नर्सांची पहिली तुकडी पाच महिन्यांनी, दुसरी पंधरा महिन्यांनी. कोण कुठल्या तुकडीत, ते भाषेच्या क्लासनं कळवायचं. आणि खाली बारीक अक्षरात : जी तुकडी ठरेल तिच्या परीक्षेत नापास झालात, तर जागा गेली. दुसरी संधी नाही.

सिस्टर बी-वन शिकली त्या क्लासचे संचालक म्हणजे कायम घाईतला माणूस. खुर्चीतसुद्धा ते उभ्यासारखे बसत. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. 'आठवड्याचे अभ्यासाचे तास' या रकान्यात वीस हा आकडा आधीच छापलेला होता.

"सही करा, सिस्टर. सोळा आठवडे, आठवड्याला वीस तास, वर्ग आणि सराव सगळं धरून. तीनशेवीस तासांत बी-टू. पहिल्या तुकडीत तुमचं नाव."

"आणि ड्युटी?"

"मनात असलं की वेळ निघतो."

मागच्या वेळी बी-वनला सिस्टरनं असाच वीसचा फॉर्म भरला होता. पाचव्या आठवड्यात ती वर्गात पेन हातात धरून झोपली, वहीवर एक लांबलचक रेघ गेली आणि तो वर्ग सोडावा लागला. पुढे दुप्पट वेळात ती पास झाली. ती वही तिनं फेकली नव्हती. ती रेघ अजून आहे.

"फॉर्म घरी नेते. महिन्यानं देते," ती म्हणाली.

"महिन्यानं? तोवर जागा भरतील!"

"मग भरू द्या."

घरी आल्यावर नवरोबा म्हणाले, "अगं, पण वीस तास काढायचे म्हटले तर निघतीलच की. मी स्वयंपाक करीन."

"अहो, तुमचा स्वयंपाक खाऊन मी आजारी पडेन, ते तासही त्यात धरा."

तरी त्यांनी केला. आणि सिस्टरनं त्या चार आठवड्यांत स्वतःचा चार्ट ठेवला, अगदी पेशंटच्या तापाचा ठेवतात तसा. जेव्हा खरंच पुस्तक उघडं आणि डोकं जागं असेल, तेवढीच मिनिटं लिहायची. पुस्तक मांडीवर आणि फोन कानाला, ते नाही. सकाळपाळीचा आठवडा : नऊ तास. दुपारपाळी : आठ. रात्रपाळी : तीन. पुन्हा सकाळपाळी : आठ. बेरीज अठ्ठावीस, सरासरी सात.

सात पाहून तिलाच कसंसं झालं. ती चार्ट घेऊन वर्गातल्या मॅडमकडे गेली. मॅडम कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी तिची चाचणी घेतली. बोलणं ठीक, पेशंटशी बोलून सराव होता तसं. पण पत्र लिहायला दिलं तर क्रियापदं वाक्यात वाट चुकून फिरत होती.

"तुम्ही बी-वनवर नाही आहात," मॅडम म्हणाल्या. "बी-वनचं सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे. दीड वर्षात बरंच गळलंय. ते भरून काढायला चाळीस तास. मग बी-टूचे दोनशे तास वर्ग, आणि घरचा अभ्यास साधारण एकशेसत्तर."

"म्हणजे चारशेदहा?"

"नाही, नाही. वर्गातला तास पंचेचाळीस मिनिटांचा. दोनशे तास म्हणजे घड्याळाचे दीडशे. एकूण तीनशेसाठ. आणि हा अंदाज आहे हं, कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त."

सिस्टरची नजर सावकाश छातीवरच्या घड्याळाकडे गेली.

"मॅडम, सरांचे वीस तास कुठले? घड्याळाचे की वर्गाचे?"

मॅडम नुसत्याच हसल्या. त्यांनाही नोकरी होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर ड्युटीवरून सरळ, युनिफॉर्मवरच, संचालकांच्या टेबलासमोर. मॅडमना तिनं आग्रहानं बोलावून घेतलं होतं.

"सर, तुमचे तीनशेवीस तास पंचेचाळीस मिनिटांचे. म्हणजे माझ्या घड्याळाचे दोनशेचाळीस. मला लागणार तीनशेसाठ. उरलेले एकशेवीस कुठून आणायचे?"

"ते घरी करायचे! तास म्हणजे तास असतो हो, सिस्टर, इतकं काय धरून बसायचं?"

"आमच्या वॉर्डात सलाईन सहा तासांत द्यायला सांगतात. मी तुमच्या तासानं दिलं तर साडेचार तासांत बाटली रिकामी. मग पेशंटला सांगू, इतकं काय धरून बसायचं?"

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला वीस जमत नाहीत," संचालक म्हणाले. "सरळ सांगा ना, जिद्द कमी पडते!"

हा शब्द लागायचा तिथे लागला. पण सिस्टर रडली नाही, की तिनं आवाजही चढवला नाही. तिनं चार्ट टेबलावर पसरला.

"आठवड्याला तुमचे वीस म्हणजे माझे पंधरा, वर उरलेले घरचे साडेसात, ड्युटी अठ्ठेचाळीस. इतकं लिहून देणारी बाई खोटं लिहून देते, सर. मागच्या वेळी मी दिलं होतं. या वेळी नाही. सात. रात्रपाळीत तीन. तीनशेसाठ भागिले सात, बावन्न आठवडे. आजारपण, घरची कामं, विसरणं यांना आणखी आठ. साठ. दुसऱ्या तुकडीला अजून चौदा महिने आहेत, म्हणजे बसतं."

"सात तासांवर हॉस्पिटलवाले हसतील."

"हसू देत. नापास झाले तर तेही हसायचे नाहीत, जागाच काढून घेतील."

तिनं पेन काढलं आणि छापील वीसवर आडवी रेघ मारली. या वेळी जागेपणी. बाजूला लिहिलं : सात, घड्याळाचे. सही केली.

"असा फॉर्म मी पाठवत नाही," संचालक म्हणाले.

"मग मी पाठवते. पत्रावर त्यांचा पत्ता आहे. आणि तुमच्या वीसचा हिशोबही सोबत जोडते, मिनिटांत मांडून."

मग इतका वेळ खिडकीबाहेर बघणाऱ्या मॅडमनी फॉर्म पुढे ओढला आणि शिक्षकाच्या जागी सही केली. "शनिवार-रविवारची बॅच आहे, सर. रोज दोन तास. वर्गाचे," त्या म्हणाल्या. "पन्नास आठवड्यांत दोनशे होतात. आठवड्याचे चार म्हणजे घड्याळाचे तीन, ते यांच्या रात्रपाळीच्या आठवड्यातही बसतात."

संचालकांनी दोन सह्या पाहिल्या, ते उलटं घड्याळ पाहिलं, आणि शिक्का मारला. इतक्या जोरात, की टेबलावरचा चहा हलला. दुसऱ्या तुकडीच्या यादीत सिस्टरचं नाव गेलं.

घरी सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे वर्षभर पुढं ढकललं म्हणायचं?"

"ढकललं नाही, आई. मोजलं."

पुढच्या शनिवारी सिस्टर पहिल्या बाकावर बसली. दुसरा तास संपल्याची घंटा झाली तशी सगळे उठले, ती मात्र उठेना. मॅडमनी भुवई उंचावली.

"सिस्टर, दोन तास झाले."

सिस्टरनं छातीवर पाहिलं. "दीड झालाय, मॅडम," ती म्हणाली, आणि वहीचं पुढचं पान उघडलं.