रणपिसेंचा रिकामा रकाना

रिकामा रकाना दिसला की माझा हात शिवशिवायचा. खोटं कशाला बोलू? आमच्या कचेरीत सगळ्यांचाच शिवशिवायचा. साहेबांना भरलेला तक्ता आवडायचा, आत काय भरलंय ते कोण बघतो!

अठ्ठावन्न सालचा ऑक्टोबर होता. फोर्टातल्या महसूल कचेरीत मी नवीकोरी कारकून, शिवाजी पार्कहून ऐटीत यायची. समोरच्या टेबलावर बुधाजी रणपिसे. करी रोडच्या चाळीत राहायचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. खिडकीखालून संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे जायचे, तेव्हा मी उठून बघायची. ते मात्र मान वर न करता घोषणांच्या तालावर बोट आपटत आकडे लिहायचे.

माझ्याकडे माणदेशाकडच्या एका तालुक्याचा तक्ता होता. तो शनिवारी साहेबांकडे जायचा. त्यावरच ठरणार होतं, तालुक्याला शेतसारा तहकूब होतो का, अन् उन्हाळ्यात पाण्याची सोय होते का. पाऊस वीस इंचांच्या सरासरीत साडेएकोणीस. मी खूश! विहिरींचा रकाना कोरा होता, तिथं मी झोकात लिहिलं, 'समाधानकारक'. अन् खाली शेरा मारला, 'दुष्काळ नाही'.

रणपिसेंनी तक्ता उचलला. "बाई, विहिरी कुणी मोजल्या?"

"पाऊस पुरेसा झालाय ना! मग पाणी कुठं जाणार?"

"तेच विचारतोय. कुठं गेलं?"

मला राग आला. आले मोठे शिकवायला, असं तोंडातल्या तोंडात पुटपुटलेसुद्धा. त्यांनी ऐकलं असणार, पण रोजच्या पावसाची वही माझ्यासमोर उघडली. दहा जुलैपासून ऑगस्ट संपेपर्यंत शून्यच शून्य, आणि सप्टेंबरच्या शेवटी तीन दिवसांत अकरा इंच.

"आभाळाचा दुष्काळ पर्जन्यमापकात मोजतात," ते म्हणाले. "सरासरीच्या पाऊणपटीपेक्षा खाली गेला की दुष्काळ. त्या मापानं तुमचं बरोबर. पण दुसरा दुष्काळ पिकाचा. बाजरी फुलोऱ्यावर होती तेव्हा जमिनीत ओल नव्हती. नंतरचा पाऊस तिला काय कामाचा? वरातीमागून घोडं."

पिकाची आणेवारी निराळ्या पाकिटात आली होती. भरपूर पिकाला सोळा आणे धरायचे. इथं पाच भरले होते. सहा आण्यांच्या आत म्हणजे अर्धा सारा तहकूब. मी ते पाकीट फोडलंच नव्हतं! ते आता घाईघाईनं फोडलं.

"आणि तिसरा दुष्काळ भुईच्या पोटातला. तो उशिरा येतो अन् उशिरा जातो. धडाधड पडलेलं पाणी ओढ्यानं वाहून जातं, मुरत नाही. त्यात गेल्या वर्षीही पाऊस कमीच. विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत दोर सोडायचा, गेल्या ऑक्टोबरचा आकडा शेजारी मांडायचा. त्याशिवाय कळत नाही."

"पण शनिवारी..."

"तालुक्याला तार करू. तक्ता सोमवारी गेला तर आभाळ कोसळत नाही. साहेबांना मी सांगतो." तारेचा मजकूर त्यांनीच लिहिला: तालुक्यातलं एक गाव नमुन्याला घ्या, गावाची विहीर मोजा, आणि बौद्धवाड्याची वेगळी मोजा.

"दोन कशाला?"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मी अशाच वाड्यातला आहे, बाई. गावाच्या विहिरीला आम्हाला हात लावायची सोय नव्हती. आमची उथळ. ती आधी आटायची. आई भांडं घेऊन गावच्या विहिरीपाशी बसायची, कुणी वरून ओततंय का बघत. कागदावर मात्र गावात पाणी असायचं."

माझ्याच्यानं मान वर करवेना.

सोमवारी तार आली. गावाच्या विहिरीत पाणी काठापासून एकतीस फुटांवर, गेल्या साली सोळावर होतं. वाड्याची विहीर कोरडी. मी माझं 'समाधानकारक' खोडलं, इतकं जोरात की कागद फाटला. मग सगळा तक्ता पुन्हा लिहिला. साहेब तणतणले, पण सही केली. अर्धा सारा तहकूब झाला, आणि दोन्ही विहिरी खोल करायला मंजुरी मिळाली.

मे महिन्यात त्याच तालुक्याचा तक्ता आला. रणपिसेंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि तक्ता माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच वाचा."

मी मोठ्यानं वाचलं, "बौद्धवाडा, विहीर. तळापासून पाणी चार फूट."

आठ महिने मी त्यांना 'अहो रणपिसे' म्हणायची. त्या दिवशी तोंडून आपसूक निघालं, "काका, तुमच्यामुळे हो. मी तर मारलंच होतं त्या वाड्यातल्या माणसांना." आणि मी भर कचेरीत रडले.

"रडू नका, बाई," काका म्हणाले. "शाई पसरेल."

पुढं मी सव्वीस वर्षं नोकरी केली. रिकामा रकाना दिसला की आजही आधी विचारते, कुणी मोजलं? आणि कुठली विहीर?