दोन मिनिटांचे आभार

चर्चासत्र धानाच्या जुन्या जातींवर होतं, पण कल्पना बोपचेच्या डोक्यात धान नव्हतं, नावं होती. तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका ती. दरवर्षी नव्यानं नेमणूक. आणि या वर्षी आभार तिच्या गळ्यात पडलेले.

"दोन मिनिटांत आटप गं," प्राचार्य रहांगडाले म्हणाले. "पाहुण्यांची गाडी आहे. आणि कोणाचं नाव सुटलं तर मला तोंड दाखवू नकोस."

"आधी पाहुणे ना, सर?"

"म्हणजे काय!"

ते वळतात न वळतात, तोच संयोजक कटरे सर कानाशी आले. "प्रायोजकांना आधी घे, बरं का. जायस्वाल उठून चाललेत. आणि माझ्यासाठी एक वाक्य म्हण, 'संयोजक कटरे सर अहोरात्र झटले.' असंच म्हण."

कल्पनानं मान हलवली. एकाचं ऐकावं तर दुसरा रुसतो, करायचं काय बाप्पा! अध्यक्ष समारोपाला अर्धा तास बोलले आणि मग माइक तिच्या हातात आला.

पण सुरुवात छान झाली. नागपूरहून आलेल्या डॉ. नलिनी केळकर, मग अध्यक्ष, मग बियाणं आणि जेवण देणारे जायस्वाल. जायस्वाल उठता उठता परत बसले. प्राचार्य, समिती, मंडपवाला, विद्यार्थी. कोणाच्या भाषणाचा सारांश नाही, कोणाचं गुणगान नाही. शेवटी तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "आणि या कामासाठी अहोरात्र झटलेले आपले संयोजक, प्राध्यापक कटरे सर!"

मागच्या रांगेत एक मुलगा फिसकन हसला. मग दुसरा. मग अख्खं सभागृह. गेले पंधरा दिवस कटरे सर फक्त चहाला दिसत, हे पोरांना माहीत होतं. डॉ. केळकरही हसल्या, का ते न कळताच. कल्पनाला कळेना, आपण चुकलो कुठं? तेवढ्यात राष्ट्रगीत लागलं आणि सगळे ताठ उभे राहिले.

राष्ट्रगीत संपताच कटरे सर आले, लालबुंद. "मुद्दाम केलंस ना? भर सभेत माझी टर!"

"अहो सर, तुम्हीच तर सांगितलं होतं, असंच म्हण!"

प्राचार्य बाजूलाच होते. त्यांनी कटरेंकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आता गेली नोकरी, तिनं मनाशी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं.

"बोपचे, वेळेत आटोपलं. नाव एकही सुटलं नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी संयोजक तू."

"आणि आभार, सर?"

"आभार कटरे मानतील. तुझे."